कोटीतलं डेक मिलियनमध्ये नेताना

प्रश्न: आमची कोल्हापूरजवळ कास्टिंगची कंपनी आहे. १८ स्लाइडचं डेक सिंगापूरच्या एका फंडाला पाठवायचंय. सगळे आकडे लाख-कोटीत आहेत, त्यांनी मिलियनमध्ये मागितलेत. नुसतं Cr च्या जागी mn करून दहाने गुणलं की झालं का? आणि डॉलर करायचे की रुपयेच ठेवायचे?

उत्तर:

दहाने गुणायचं ते फक्त कोटीला. लाखाला दहाने भागावं लागतं. डेकमध्ये दोन्ही एककं मिसळलेली असतात, कधी कधी एकाच स्लाइडवर, आणि घोळ तिथेच होतो. दोन्हींना एकच वागणूक दिली तर लाखातला आकडा शंभरपट फुगतो. शंभरपट चूक निदान डोळ्यांत तरी भरते. वाईट असते ती दहापट चूक, म्हणजे Cr चं mn झालं आणि आकडा तसाच राहिला. ९७ कोटींची उलाढाल "97 mn" अशी छापली तर कुणालाही संशय येत नाही, कारण ९७ मिलियन रुपये उलाढालीची कंपनीही असू शकते, फक्त ती तुमच्यापेक्षा दहापट लहान.

शाळेत एकं, दहं, शतं घोकलं असेल तर तक्ता शोधायची गरज नाही. मिलियन म्हणजे आपलं दशलक्ष आणि बिलियन म्हणजे आपलं अब्ज. दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज अशी पायरी-पायरीने बोटं मोजली की कोटीपासून मिलियन एक घर खाली आणि बिलियन दोन घरं वर हे आपोआप कळतं. म्हणजे कोटी ते मिलियन गुणिले १०, कोटी ते बिलियन भागिले १००. आणि "लाख कोटी" म्हणजे ट्रिलियन. ही जोडगोळी बाजारपेठेच्या स्लाइडवर हमखास असते, कारण सरकारी आकडे त्यातच येतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातला एकूण खर्च ५०,६५,३४५ कोटी रुपये आहे. आपण तो ५०.६५ लाख कोटी म्हणतो, तुमच्या वाचकासाठी तो `₹50.65 trillion`. शोधा-आणि-बदला करणाऱ्याकडून याचं "50.65 lakh mn" झालेलं मी स्वतः पाहिलंय.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण कामाचा क्रम त्यावर ठरतो. एकक बदलणं आणि चलन बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एका झटक्यात करू नका. कोटीचं मिलियन करणं म्हणजे दशांशचिन्ह सरकवणं. त्यात मत नसतं, तारीख नसते, वाद नसतो. रुपयाचा डॉलर करताना मात्र दर कुठला, कधीचा, सरासरी की अखेरचा असे तीन निर्णय घ्यावे लागतात. दोन्ही एकत्र केली आणि आकडा जुळला नाही, तर चूक दशांशात आहे की दरात हे शोधायला अख्खी दुपार जाते. फंडाने मिलियन मागितलेत, डॉलर मागितलेले नाहीत. म्हणून आधी सगळं डेक रुपये मिलियनमध्ये न्या, तपासा, गोठवा. डॉलरचं मग बघू.

सुरुवात डेकमधल्या आकड्यांपासून करू नका, लेखापरीक्षित ताळेबंदापासून करा. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे एकूण उत्पन्न १०० कोटींच्या खाली असेल तर आकडे शेकडा, हजार, लाख किंवा मिलियनमध्ये गोल करून छापायचे असतात. कोटीत छापायची मुभा १०० कोटींपासून पुढे. तुमची उलाढाल शंभरच्या आत असेल तर मूळ कागद बहुधा "₹ in lakhs" असाच असणार. डेक बनवताना कुणीतरी ते लाख कोटीत आणले आणि एका दशांशावर कापले. आता ते कापलेले आकडे पुन्हा दहाने गुणलेत तर कापलेला भाग परत येणार नाही, त्या जागी खोटा शून्य येईल.

एक नमुना घेऊ. आकडे तुमच्यासारख्या कंपनीचे, पण मी बनवलेले. ताळेबंदात निव्वळ नफा ५७८.३२ लाख आहे. डेकवर तो ५.८ कोटी झाला. ५.८ ला दहाने गुणून कुणी 58.0 mn लिहिलं, तर तो शेवटचा शून्य सांगतो की आम्ही लाखापर्यंत मोजलंय. खरा आकडा 57.8 आहे. फरक किरकोळ, पण फंडाचा विश्लेषक ताळेबंदही मागवतो आणि दोन्ही शेजारी ठेवतो. तिथे 57.8 आणि 58.0 दिसलं की पुढच्या मेलमध्ये प्रश्न येतो आणि तुमचे दोन दिवस जातात. थेट लाखातून भागिले दहा केलं तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

एक्सेलमध्ये एका शीटवर डावीकडे मूळ लाख, उजवीकडे मिलियन ठेवा. जे आकडे कोटीतच सुरू झाले (विस्ताराचा खर्च, बाजाराचा अंदाज) त्यांच्यासाठी वेगळी रांग.

```
=B4/10
=B12*10
```

पहिलं सूत्र लाखाच्या रांगांना, दुसरं कोटीच्या. "कुठल्या एककात" असा एक स्तंभ शेजारी ठेवला तर सूत्र चुकीच्या रांगेत ओढलं गेलेलं लगेच दिसतं. पूर्ण रुपयांत टॅलीतून आलेला डेटा असेल तर भागाकारही नको, हा फॉरमॅट पुरे:

```
#,##0.0,,
```

शेवटचा प्रत्येक स्वल्पविराम हजाराने भागून दाखवतो, दोन म्हणजे मिलियन. हा फॉरमॅट फक्त पूर्ण रुपयांवर चालतो. सेलमध्ये आधीच कोटीत भागलेला 97.3 बसला असेल तर तो 0.0 दिसेल. या युक्तीने कोटी मात्र दाखवता येत नाही, कारण पायऱ्या हजाराच्याच. म्हणूनच आपल्याकडच्या बहुतेक शीटमध्ये कुणीतरी आकडा खरोखर 10000000 ने भागून ठेवलेला असतो. शीट हातात आली की सेलवर क्लिक करून वरच्या पट्टीत खरा आकडा काय आहे ते आधी बघायचं, दिसतो त्यावर जायचं नाही.

आर्थिक सारांशाची स्लाइड शेवटी अशी दिसेल:

```
₹ million, year ended 31 March     2024     2025
Revenue                           846.4    972.8
EBITDA                                     131.0
Profit after tax                            57.8
Term loans, at year end                    224.0
```

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्यात. एकक वर एकदाच लिहिलंय, प्रत्येक आकड्याला mn चिकटवलेलं नाही. दशांश सगळीकडे एकच. आणि FY25 च्या जागी वर्ष कधी संपलं ते लिहिलंय, कारण सिंगापूरच्या बऱ्याच कंपन्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं आणि तिथला वाचक तुमचं २०२५ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर २०२५ असं धरू शकतो.

एककाच्या लघुरूपाबद्दलही सांगते. Cr हे हिशेबाच्या जगात "क्रेडिट"चं लघुरूप आहे, त्यामुळे एखाद्या आकड्यापुढे ते चुकून राहिलं तर परदेशी अकाउंटंट ते जमा बाजू म्हणून वाचू शकतो. नुसत्या M चाही भरवसा नाही. काही जुन्या बँकिंग वर्तुळांत M म्हणजे हजार आणि MM म्हणजे मिलियन. `mn` आणि `bn` लिहा, किंवा पूर्ण शब्द. आणि आज ना उद्या हेच डेक एखाद्या जर्मन ग्राहकाला जाणार असेल तर हे लक्षात ठेवा: इंग्रजी बिलियनला जर्मनमध्ये मिलियार्डे म्हणतात, त्यांचं "बिलियोन" म्हणजे आपलं लाख कोटी. शिवाय त्यांच्याकडे दशांशाला स्वल्पविराम असतो. तिथे 0.97 bn पेक्षा 973 mn जास्त सुरक्षित.

स्वल्पविरामाची आपल्याकडेही एक गंमत आहे. कर्जाची रक्कम पूर्ण लिहिली तर आपण 22,40,00,000 लिहितो. परदेशी वाचकाला ही टंकनाची चूक वाटते, त्याला 224,000,000 हवं असतं. एक्सेल हे स्वल्पविराम विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवरून ठरवतं, त्यामुळे तुमच्या मशीनवर दिसतं तेच त्यांच्या मशीनवर दिसेल असं नाही. मिलियनमध्ये गेल्यावर ही कटकट जवळपास संपते: ९९,९९९ पर्यंत दोन्ही पद्धतींचे स्वल्पविराम एकाच जागी पडतात, आणि तुमचा कुठलाही आकडा मिलियनमध्ये तिथवर जाणार नाही. पण परिशिष्टात एखादी मंजुरी पत्रातली रक्कम पूर्ण अंकांत असेल तर ती हाताने बघा.

आता जिथे खरंच फसगत होते त्या जागा. मजकूर बदलणं सोपं आहे, चार्ट अवघड. चार्टमधला आकडा त्याच्या मागच्या डेटा शीटमध्ये असतो आणि मथळा वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये. मथळा बदलतो, डेटा राहतो. काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून हे झालंय. एका कंपनीचं डेक होतं, कर्जाच्या स्तंभालेखाचा मथळा मी "₹ mn" केला, पण डेटा शीट कोटीतच राहिली. स्तंभावर ३१.५. पुढच्या स्लाइडवर व्याजखर्च मात्र बरोबर बदललेला, २९ मिलियन. कॉलवर समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "साडेएकतीस मिलियनच्या कर्जावर एकोणतीस मिलियन व्याज? तुम्ही नेमकं कुणाकडून उसने घेता?" हशा झाला. खरं कर्ज ३१५ मिलियन होतं, व्याज सव्वानऊ टक्के. पण नंतरचा अर्धा तास त्यांनी प्रत्येक आकडा दोनदा विचारला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

त्यातून लागलेली सवय अशी की डेक गोठवण्याआधी मी चार भागाकार करते, आणि तेही मुद्दाम वेगवेगळ्या स्लाइडवरचे आकडे घेऊन. व्याज भागिले कर्ज. उलाढाल भागिले विकलेले टन. पगारखर्च भागिले माणसं. विस्ताराचा खर्च भागिले वाढणारी क्षमता. एखादा आकडा दहापट हुकला असेल तर यातला एखादा भागाकार वेडंवाकडं उत्तर देतो. कास्टिंगचा किलोचा भाव तुम्हाला झोपेतही माहीत असतो. उलाढाल आणि टनेज यांच्यातून तो अकरा रुपये किंवा अकराशे रुपये निघाला की पेन खाली ठेवायचं आणि शोधायचं. नुसती बेरीज तपासून ही चूक सापडत नाही, कारण सगळी रांगच दहापट चुकली असेल तर बेरीज बरोबरच येते.

चार्टमधली दुसरी लपलेली जागा म्हणजे अक्षाचं एकक. एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या चार्टमध्ये अक्षाला `Display units` असा पर्याय असतो, आणि त्या यादीत `100000` आणि `10000000` हेही असतात. नाव नाही, पण ते लाख आणि कोटीच आहेत. कुणीतरी पूर्वी तो लावून लेबल लपवलेलं असतं. तुम्ही डेटा मिलियनमध्ये आणता, अक्ष त्याला पुन्हा कोटीने भागतो आणि स्तंभ जमीनदोस्त दिसतात. तिथे `None` करून टाका.

तिसरी जागा म्हणजे चित्र म्हणून चिकटवलेले तक्ते. बँकेच्या पत्राचा किंवा एखाद्या अहवालाचा स्क्रीनशॉट असेल तर त्यातला कोटी शोध लावून सापडत नाही. शक्य असेल तर तो तक्ता नव्याने टाइप करा. मूळ दस्तऐवज म्हणूनच दाखवायचा असेल तर त्याला हात लावू नका, खाली एक ओळ द्या: `1 crore = 10 million; 1 lakh = 0.1 million`. वक्त्यासाठीच्या नोट्सही उघडून बघा. पीडीएफ पाठवलं तर त्या जात नाहीत, पण मूळ फाइल पाठवली तर जातात.

काय बदलायचं नाही तेही ठरवून टाका. किलोचा भाव, युनिटचा वीजदर, टक्केवारी, गुणोत्तरं या सगळ्याला लाख-कोटीशी घेणंदेणं नाही. लहान रकमा ओढूनताणून मिलियनमध्ये नेऊ नका. तुमची सरासरी ऑर्डर ४.७५ लाखांची असेल तर `₹0.475 mn` कुणी वाचत नाही, `₹475,000` लिहा. नगांचे आकडेही तसेच: अडीच लाख नग म्हणजे `250,000 pieces`. पगाराच्या स्लाइडवर `12 LPA` असेल तर `₹1.2 million a year` करा, ते लघुरूप आपल्या नोकरीच्या जाहिरातींबाहेर कुणाला कळत नाही. आणि "सुमारे पाच कोटी" असं मूळ वाक्य असेल तर ते `about ₹50 million` च राहू द्या.

आता डॉलर. तुमच्या जागी मी मुख्य डेक रुपयांतच ठेवेन आणि फक्त सारांशाच्या स्लाइडवर डॉलरचा एक जास्तीचा स्तंभ देईन, तोही एकाच दराने. कारण वरच्या आकड्यांवरच दिसतं. उदाहरणापुरते गोल दर धरू: २०२३-२४ ची सरासरी ८३, २०२४-२५ ची ८४.५, आणि ३१ मार्च २०२५ चा दर ८५.५. प्रत्येक वर्ष त्याच्या सरासरी दराने नेलं तर उलाढाल 10.20 वरून 11.51 मिलियन डॉलर होते, वाढ १३ टक्के. रुपयांत हीच वाढ १५ टक्के आहे. मधले दोन टक्के कारखान्याने गमावलेले नाहीत, रुपया घसरलाय. पण एका स्लाइडवर १५ आणि दुसरीकडे १३ दिसलं की खुलासा तुम्हालाच करत बसावा लागतो.

गुणोत्तरांचंही तेच. हिशेबाच्या रीतीने नफातोट्याला सरासरी दर आणि ताळेबंदाला अखेरचा दर लावला तर ईबिटडा 1.55 आणि कर्ज 2.62 मिलियन डॉलर येतं. कर्ज भागिले ईबिटडा १.६९. रुपयांत ते १.७१ आहे. रीत चुकीची नाही, डॉलरमध्ये हिशेब ठेवणाऱ्या कंपन्या तसंच करतात. पण तुमची पुस्तकं रुपयांत आहेत आणि डॉलर फक्त वाचकाच्या अंदाजासाठी हवेत. त्यासाठी सगळीकडे ८५.५ हा एकच दर लावा: ईबिटडा 1.53, कर्ज 2.62, गुणोत्तर पुन्हा १.७१, वाढ पुन्हा १५ टक्के. खाली तळटीप द्या, दर, तारीख आणि तो कुणाचा हे लिहून. भारतात २०१८ पासून रुपयाचा संदर्भदर फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया म्हणजे एफबीआयएल ही संस्था जाहीर करते, तोच घ्या. गुगलवर दिसलेला घेऊ नका, दोन महिन्यांनी तो कुठून आला हे तुम्हालाही आठवणार नाही.

```
US$ figures are for convenience only, translated at
₹85.5 = US$1 (FBIL reference rate, 31 March 2025).
```

खरा दर दोन-चार दशांशांत येतो, तो तसाच लिहा. डॉलरचे आकडे दोन दशांशांवर ठेवा. तुमच्या आकारात एका दशांशावर ईबिटडा 1.5 आणि कर्ज 2.6 होतं, आणि वाचकाने भागून पाहिलं तर १.७३ निघतं. सगळी टक्केवारी आणि गुणोत्तरं रुपयांच्या शीटवरून काढा, डॉलरच्या गोल केलेल्या आकड्यांवरून नको.

करारातल्या डॉलर रकमांना मात्र हा दर लावू नका. निर्यातीची ऑर्डर मुळातच ४ लाख डॉलरची असेल तर ती `US$400,000` म्हणूनच लिहायची. आपल्या डेकवर ती कुणीतरी आधीच "3.4 Cr" केलेली असते, आणि ती तिथून परत डॉलरमध्ये आणली की 398 हजार निघते. मूळ खरेदी ऑर्डर काढा, त्यातला आकडा घ्या.

एवढं करून डेक जातं, आणि मग कॉलवर मालक बोलायला लागले की "थर्टी फाइव्ह क्रोर कॅपेक्स" म्हणतात. तीस-चाळीस वर्षांची जिभेची सवय एका दिवसात जात नाही. मी त्यांना लॅपटॉपच्या कडेला चिकटवायला एक चिठ्ठी देते, सहाच आकडे, जसे बोलायचे तसे मराठीत लिहिलेले: "नाइन सेव्हन्टी थ्री मिलियन रुपीज", "वन थर्टी वन मिलियन रुपीज", "थ्री फिफ्टी मिलियन रुपीज". प्रत्येकामागे "रुपीज" लिहिलेलं असतं, कारण सिंगापूरला बसलेल्या माणसाने नुसतं "थ्री फिफ्टी मिलियन" ऐकलं तर तो डॉलर समजू शकतो.